बर्फ वितळला, पाणी मिसळलं आणि एन्ट्रॉपीचा बदल शून्य किंवा ऋण आला: चूक कुठे शोधायची?

गणित दिसायला सरळ असतं. उष्णतारोधक भांड्यात ५० अंश सेल्सिअसचं ३०० ग्रॅम पाणी आहे, त्यात ० अंशाचा १०० ग्रॅम बर्फ टाकला. सगळं स्थिर झाल्यावर एकूण एन्ट्रॉपी किती बदलली? प्रवेश परीक्षांच्या तयारीत आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षात हे गणित आकडे बदलून पुन्हा पुन्हा येतं, आणि त्याच त्या चुकीच्या उत्तरांसकट येतं. कुणाचं उत्तर शून्य, कुणाचं उणे १०.५, कुणाचं ७६, कुणाचं उणे हजाराच्या पलीकडे, तर कुणाच्या कॅल्क्युलेटरवर नुसतंच `Math ERROR`.

यातलं जवळजवळ प्रत्येक चुकीचं उत्तर स्वतःच सांगतं की चूक कुठे झाली. त्यामुळे पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा सोडवत बसू नका. आधी आलेला आकडा नीट बघा. त्यासाठी बरोबर उत्तर आणि त्याचे तुकडे समोर हवेत, म्हणून आधी गणित सोडवून घेऊ.

आधी बरोबर उत्तर

पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ग्रॅममागे ४.१८ जूल प्रति केल्विन धरू, बर्फ वितळण्याचा अप्रकट उष्मा ग्रॅममागे ३३४ जूल. पहिलं काम अंतिम तापमान काढण्याचं. ते काढेपर्यंत एन्ट्रॉपीचं नावही घ्यायचं नाही.

बर्फ पूर्ण वितळायला ३३,४०० जूल लागतात. गरम पाणी ५० वरून थेट ० अंशापर्यंत उतरलं तर ६२,७०० जूल देऊ शकतं. म्हणजे बर्फ पूर्ण वितळणार आणि वर २९,३०० जूल शिल्लक राहणार. ही शिल्लक आता ४०० ग्रॅम पाण्यात वाटली जाते, म्हणून ते ० अंशावरून १७.५२ अंशांवर येतं, केल्विनमध्ये २९०.६७.

एन्ट्रॉपीचे तुकडे तीन आहेत, दोन नाहीत. बर्फ ० अंशालाच वितळतो, हा पहिला. वितळून झालेलं १०० ग्रॅम पाणी ० वरून १७.५२ अंशांवर येतं, हा दुसरा. मूळचं ३०० ग्रॅम पाणी ५० वरून १७.५२ वर उतरतं, हा तिसरा.

```
ΔS1 = 33400 / 273.15                  = +122.28 J/K
ΔS2 = 100 × 4.18 × ln(290.67/273.15)  =  +25.99 J/K
ΔS3 = 300 × 4.18 × ln(290.67/323.15)  = -132.82 J/K
बेरीज                                  =  +15.45 J/K
```

बेरीज अधिक १५.४५ जूल प्रति केल्विन. एकक पुढे सगळीकडे हेच, म्हणून नुसते आकडे लिहितो. जुन्या पुस्तकांत हेच गणित कॅलरीत असतं. तिथे अप्रकट उष्मा ८० आणि पाण्याची विशिष्ट उष्माधारकता १ धरली की अंतिम तापमान बरोबर साडेसतरा येतं आणि उत्तर ३.७० कॅलरी प्रति केल्विन. दोन्ही उत्तरं एकच आहेत. फक्त कॅलरी आणि जूल एका ओळीत मिसळू नका. बर्फासाठी ८० आणि पाण्यासाठी ४.१८ घेतलं तर बेरीज उणे ७७ च्या आसपास जाते.

आता या तीन तुकड्यांकडे एकदा शांतपणे बघा. १२२, २६ आणि १३३ या तीन मोठ्या आकड्यांमधून शेवटी उरतात जेमतेम पंधरा. या गणिताची खरी अडचण इथेच आहे. एखाद्या तुकड्यात दहा-पंधराची गडबड झाली तर तो तुकडा फारसा चुकीचा दिसत नाही, पण बेरजेचं चिन्हच बदलून जातं.

उत्तर कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असायला हवं

तपासणीसाठी एक पट्टा आखून ठेवा. खालची कड शून्य. भांड्यातून बाहेर उष्मा जात नाही, आत येत नाही, आणि आतला बदल आपोआप होतो, म्हणून बेरीज शून्याच्या वरच असणार. ही कड सगळ्यांना ठाऊक असते. वरची कड मात्र कुणी काढत नाही, आणि बऱ्याच चुका तीच पकडते.

गरम पाण्याने एकूण किती उष्मा दिला? ४०,७२५ जूल. बर्फाच्या बाजूने घेतलेलाही तेवढाच: वितळायला ३३,४०० आणि तापायला ७,३२५. गरम पाणी सगळा वेळ ५० अंशांवर किंवा त्याखाली होतं, त्यामुळे त्याने गमावलेली एन्ट्रॉपी ४०,७२५ भागिले ३२३.१५ पेक्षा कमी असूच शकत नाही. थंड बाजू सगळा वेळ ० अंशावर किंवा त्याच्या वर होती, म्हणून तिने मिळवलेली एन्ट्रॉपी ४०,७२५ भागिले २७३.१५ पेक्षा जास्त असूच शकत नाही. दोन्ही मिळून:

```
0 < ΔS < 40725 × (1/273.15 - 1/323.15) = 23.07
```

म्हणजे उत्तर ० आणि २३ च्या मध्ये हवं. आपलं १५.४५ व्यवस्थित आत बसतं. नुसतं पाण्यात पाणी मिसळलं तर खरं उत्तर या पट्ट्याच्या साधारण मध्यावर येतं, कारण दोन्ही बाजूंची तापमानं एकमेकांकडे सरकत जातात. बर्फ असेल तर उत्तर मध्याच्या वर सरकतं. बहुतेक उष्मा घेताना थंड बाजू ० अंशालाच अडकलेली असते, तापमानातला फरक जास्त वेळ टिकतो. आपल्या गणितात उत्तर वरच्या कडेच्या दोन-तृतीयांशापर्यंत पोचलं आहे. म्हणून ३ किंवा २२ असं उत्तर आलं तर पट्ट्यात असूनही ते संशयास्पदच समजा.

उत्तर नेमकं शून्य आलं

याची कारणं दोन आहेत, आणि पहिल्यात तर आकडेमोडच झालेली नसते. “भांडं उष्णतारोधक आहे, म्हणून बाहेरचा उष्मा शून्य, म्हणून एन्ट्रॉपीचा बदल शून्य.” हा युक्तिवाद इतका गुळगुळीत आहे की वर्गात तो फळ्यावर लिहिला तरी पहिल्यांदा कुणी हरकत घेत नाही.

घोटाळा भागाकाराच्या सूत्रात आहे. उष्मा भागिले तापमान म्हणजे एन्ट्रॉपीचा बदल, हे फक्त उलट फिरवता येणाऱ्या, म्हणजे रिव्हर्सिबल वाटेवर खरं आहे. क्लॉसियसची असमानता इतकंच सांगते की एन्ट्रॉपीचा बदल हा त्या भागाकारांच्या बेरजेएवढा किंवा त्याहून जास्त असतो. उष्मा शून्य असेल तर बदल “शून्य किंवा जास्त” एवढंच हाती लागतं. शून्यच, असं म्हणण्याचा हक्क बदल रिव्हर्सिबल असेल तेव्हाच मिळतो. कोमट पाण्यात बर्फ टाकणं तसं नाही. साडेसतरा अंशांचं पाणी कितीही वेळ ठेवलं तरी एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला पन्नास अंशांचं पाणी असं आपणहून वेगळं होत नाही.

मग वर आपण `ln` कुठल्या हक्काने वापरला? एन्ट्रॉपी अवस्थेवर ठरते, वाटेवर नाही, या हक्काने. ३०० ग्रॅम पाणी ५० अंशांवर होतं आणि शेवटी १७.५२ वर आहे. मधे काय झालं ते बाजूला ठेवून आपण त्या पाण्यासाठी एक काल्पनिक, सावकाश वाट आखतो: ५० अंशांच्या पाण्याला जरासा थंड साठा लावला, मग त्याहून जरासा थंड, असं करत १७.५२ पर्यंत आणलं. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला `mc dT/T` चालतं आणि त्यांची बेरीज `mc ln(Tf/Ti)` होते. बर्फासाठी अशीच दुसरी, स्वतंत्र वाट. प्रत्यक्षात ढवळताना भांड्यात कुठे २० अंश असतात, कुठे ४०, पाण्याला एकच एक तापमानही नसतं. तरी दोन्ही टोकं तीच असल्यामुळे उत्तर तेच.

एक गोष्ट इथे नजरेतून सुटते. काल्पनिक वाटेवर ते बाहेरचे साठे उष्मा देतात-घेतात, त्यांचीही एन्ट्रॉपी बदलते, आणि सगळं मिळून बेरीज शून्य होते. प्रत्यक्षात ते साठे नसतात. म्हणून परिसराचा बदल शून्य आणि विश्वाचा बदल १५.४५.

शून्याचं दुसरं कारण आकडेमोडीतलं आहे. अंतिम तापमान काढलं आणि दोन्ही बाजूंचा उष्मा त्यानेच भागला: अधिक ४०,७२५ भागिले २९०.६७, उणे ४०,७२५ भागिले २९०.६७. शून्य येणारच! एकच उष्मा एकाच तापमानाने भागून वजा केला, याला एन्ट्रॉपीचं गणित म्हणत नाहीत.

उत्तर ऋण, पण लहान: उणे १०.५

ही सगळ्यात वारंवार दिसणारी चूक. १२२.२८ वजा १३२.८२ करून बघा, उणे १०.५४ येतं. म्हणजे दुसरा तुकडा राहिला. बर्फ वितळल्यावर “बर्फाचं काम संपलं” असं मनात बसतं आणि त्याचं झालेलं पाणी पुढे साडेसतरा अंश तापतं, ते विसरलं जातं. गंमत अशी की अंतिम तापमान काढताना तेच १०० ग्रॅम बरोबर मोजलेले असतात, कारण छेदात ४०० आलेले असतात. उष्म्याच्या हिशेबात आहेत, एन्ट्रॉपीच्या हिशेबात नाहीत.

ओळखायची सोपी खूण: प्रत्येक तुकड्याशेजारी त्याने किती जूल घेतले किंवा दिले ते लिहा. ३३,४०० आणि ७,३२५ यांची बेरीज ४०,७२५ झाली पाहिजे. एखादा तुकडा गाळला असेल तर दोन्ही बाजू जुळणार नाहीत, आणि तिथेच लक्षात येईल. शंभरातले निदान निम्मे घोटाळे या एका सवयीने टळतील असं माझं मत आहे.

बर्फ शून्याखालचा असेल तर तुकडे चार होतात. समजा बर्फ उणे १० अंशांचा आहे. मग आधी तो उणे १० वरून ० वर येईल. बर्फाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या निम्मी, ग्रॅममागे २.१ च्या आसपास असते. १०० ग्रॅमसाठी २१० गुणिले `ln(273.15/263.15)`, म्हणजे अधिक ७.८. अर्थात अंतिम तापमानही नव्याने काढायचं. इथे काही जण चौथा तुकडा टाळून अप्रकट उष्म्यालाच २६३.१५ ने भागतात. ते चालत नाही. नेहमीच्या वातावरणीय दाबाला बर्फ आणि पाणी समतोलात असतात ते ० अंशालाच, म्हणून ३३४ चा भागाकार २७३.१५ नेच.

आणि तिसरा तुकडा उणे १३२ आला म्हणून दचकू नका. गरम पाण्याची एन्ट्रॉपी कमीच होणार, ते थंड होतंय. दुसऱ्या नियमाची अट एकूण बेरजेवर आहे, प्रत्येक तुकड्यावर नाही. तरी दर वर्षी कुणीतरी ते उणे चिन्ह खोडून अधिक करतं आणि २८१ उत्तर लिहितं. वरची कड २३ आहे हे माहीत असेल तर २८१ लिहायला हात धजावणार नाही.

उत्तर ऋण आणि प्रचंड, किंवा थेट एरर

हे सेल्सिअसचं काम. `ln(17.52/50)` म्हणजे उणे १.०५, त्याला १२५४ ने गुणलं की उणे १३१५. बर्फाच्या बाजूला `ln(17.52/0)` असल्यामुळे कॅल्क्युलेटर सरळ नकार देतो, आणि हा नकार म्हणजे नशीबच. खरा धोका नुसत्या पाण्याच्या गणितात आहे, कारण तिथे कॅल्क्युलेटर गप्प बसतो.

८० अंशांचं एक किलो पाणी आणि २० अंशांचं एक किलो पाणी मिसळलं, अंतिम तापमान ५०. सेल्सिअस घातलं तर बेरीज ४१८० गुणिले `ln(2500/1600)`, म्हणजे अधिक १८६५. धन आहे, एरर नाही, आकडाही रुबाबदार दिसतो. बरोबर उत्तर आहे ३६.२. इथे वाचवते ती वरचीच कड: दिलेला उष्मा १,२५,४०० जूल, त्यावरून कड ७२.७. अठराशे तिच्या कितीतरी पलीकडे.

विद्यार्थी गोंधळतात ते या कारणाने: उष्मा विनिमयाच्या समीकरणात सेल्सिअस चालतं, कारण तिथे फक्त तापमानांतला फरक येतो. त्याच वहीत, चार ओळी खाली, गुणोत्तर येतं आणि तिथे चालत नाही. २७३ घ्यायचे की २७३.१५, यावर वाद घालण्यात मात्र अर्थ नाही. शाळा-कॉलेजच्या अचूकतेला फरक पडत नाही, फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच घ्या.

उत्तर धन, पण कडेच्या वर

७५.९ आलं असेल तर `ln` ऐवजी `log` दाबलं गेलंय. दोन्ही लॉगचे तुकडे २.३०३ ने लहान झाले, बर्फ वितळण्याचा तुकडा मात्र तसाच राहिला, म्हणून बेरीज फुगली. हाच घोटाळा स्प्रेडशीटमध्येही होतो. तिथे `=LOG(x)` दहाच्या पायाचा असतो आणि `=LN(x)` नैसर्गिक. पायथॉनमध्ये उलटं: `math.log(x)` नैसर्गिक, दहाचा हवा तर `math.log10(x)`. नुसत्या पाण्याच्या गणितात ही चूक जास्त लबाड आहे, कारण तिथे सगळीच बेरीज २.३०३ ने लहान होते. ३६.२ च्या जागी १५.७ येतं आणि ते पट्ट्यातही बसतं. उत्तर पट्ट्याच्या मध्यापासून फार खाली दिसलं तर आधी ही कळ तपासा.

१२६.६ आलं असेल तर अंतिम तापमान चुकलंय. अप्रकट उष्मा न धरता थेट १०० ग्रॅम आणि ३०० ग्रॅम पाणी मिसळल्यासारखं ३७.५ अंश काढलं आणि मग एन्ट्रॉपीत मात्र वितळण्याचा तुकडा घेतला, असं झालं.

आणि नेमकं २३.०७ आलं असेल तर ती वरची कडच आहे. प्रत्येक बाजूचा सगळा उष्मा तिच्या सुरुवातीच्या तापमानाने भागला गेला. हा भागाकार खोलीसारख्या मोठ्या साठ्याला चालतो, कारण त्याचं तापमान बदलतच नाही. उदाहरणार्थ, १०० ग्रॅम बर्फ ३० अंशांच्या खोलीत उघड्यावर ० अंशाचं पाणी होईपर्यंत वितळला तर बर्फाचे अधिक १२२.३, खोलीचे ३३,४०० भागिले ३०३.१५ म्हणजे उणे ११०.२, बेरीज अधिक १२.१. भांड्यातल्या ३०० ग्रॅम पाण्याला मात्र हा नियम लावता येत नाही. ते स्वतःच साडेबत्तीस अंश उतरतं.

`ln` टाळायचाच असेल तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या तापमानाची सरासरी घेऊन भागा. आपल्या गणितात तसं केलं तर १५.५७ येतं, खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ. परीक्षेत उत्तर म्हणून लिहू नका, पण पडताळा म्हणून उत्तम आहे.

अंतिम तापमान शून्याखाली आलं

आकडे थोडे बदलू: बर्फ २०० ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम, ३० अंशांचं. सरळ सूत्रात घातलं तर अंतिम तापमान उणे १४ अंश येतं. ३० अंशांचं पाणी आणि ० अंशाचा बर्फ यांच्या मिश्रणाचं तापमान दोघांच्याही खाली कसं जाईल? इथेच थांबायचं. पण पुष्कळ जण न थांबता त्यात २७३ मिळवतात आणि २५९ केल्विन घेऊन पुढे जातात, कारण केल्विनमध्ये ते उणे चिन्ह दिसेनासं होतं.

अर्थ एवढाच की बर्फ पूर्ण वितळत नाही. पाणी ० अंशापर्यंत उतरून ३७,६२० जूल देतं, पूर्ण वितळायला हवेत ६६,८००. म्हणून अंतिम तापमान ० अंश आणि वितळलेला बर्फ ३७,६२० भागिले ३३४, म्हणजे ११२.६ ग्रॅम. उरलेल्या ८७.४ ग्रॅमचं काहीच बदललं नाही, त्याचा एन्ट्रॉपीत वाटाही नाही. आता तुकडे फक्त दोन:

```
37620 / 273.15                 = +137.73
300 × 4.18 × ln(273.15/303.15) = -130.68
बेरीज                           =   +7.05
```

पूर्ण २०० ग्रॅमचा अप्रकट उष्मा धरला तर ११४ येतं. वरची कड इथे १३.६ आहे.

पद्धत बरोबर, तरी उत्तर जुळत नाही

शेवटचं दुखणं राउंडिंगचं. सगळं बरोबर करूनही उत्तर पुस्तकाशी जुळत नाही, आणि मग माणूस स्वतःच्या पद्धतीवरच शंका घेतो.

पहिली जागा अंतिम तापमानाची. १७.५२ ऐवजी सरळ १८ घेतले तर बेरीज १५.४५ वरून १८.२ वर जाते. १७ घेतले तर १२.४. म्हणजे एका अंशाला जवळपास पावणेसहा. कारण असं की अंतिम तापमान सरकवलं की दिलेला आणि घेतलेला उष्मा सारखा राहत नाही. भांड्यात कुठूनतरी फुकटचा उष्मा आला किंवा गेला असं गणित समजतं, आणि त्याची एन्ट्रॉपी उत्तरात मिसळते. म्हणून अंतिम तापमान निदान दोन दशांश स्थळं राखून पुढे न्या.

प्रयोगशाळेत हेच कॅलरीमापीच्या बाबतीत होतं. १०० ग्रॅमच्या तांब्याच्या कॅलरीमापीची उष्माधारकता सुमारे ३८.५ जूल प्रति केल्विन असते, म्हणजे नऊ-दहा ग्रॅम पाण्याएवढी. ती गाळली तर मोजलेलं अंतिम तापमान हिशेबाच्या वर निघतं. अशा वेळी मोजलेलं तापमान तसंच सूत्रात टाकून कॅलरीमापीचा तुकडा सोडला तर बेरीज चुकणारच. कॅलरीमापी गरम पाण्यासोबत ५० वर होता, त्याचाही एक `ln` लिहायला हवा.

दुसरी जागा लॉगची, आणि ती तापमानं जवळजवळ असताना बोचते. एक किलो पाणी ३५ अंशांचं, एक किलो २५ चं, अंतिम ३०. दोन लॉग येतात उणे ०.०१६३५९ आणि अधिक ०.०१६६३१. वजाबाकी उरते ०.०००२७२, त्याला ४१८० ने गुणून १.१४. आता लॉग तीन दशांश स्थळांत लिहिले तर ०.००१ उरतं आणि उत्तर ४.१८, जवळपास चौपट. दोन स्थळांत लिहिले तर थेट शून्य. चार आकडी लॉग टेबल वापरणाऱ्यांना ०.९६ मिळतं, आणि त्यात त्यांची काही चूक नसते, टेबलातच तेवढे आकडे नसतात.

यावर उपाय म्हणजे दोन लॉग वेगवेगळे काढून वजा करूच नका. समान वस्तुमानाचं तेच द्रव असेल तर दोन्ही लॉग आधी एकत्र करा:

```
ΔS = m c ln( Tf² / (T1·T2) )
Tf² / (T1·T2) = 1 + (T1 - T2)² / (4·T1·T2)
```

दुसऱ्या ओळीतला वर्ग कधीच ऋण होत नाही, म्हणून लॉग कधी ऋण होणार नाही. तापमानं वेगळी असली की एन्ट्रॉपी वाढणारच, हे इथे डोळ्यांनी दिसतं. शिवाय ही भर लहान असेल तर तिचा लॉग जवळजवळ तिच्याएवढाच असतो, म्हणून लॉगचीही गरज उरत नाही. ३५ आणि २५ साठी १०० भागिले ४, भागिले ३०८.१५, भागिले २९८.१५ करा, ०.०००२७२ येतं. साध्या कॅल्क्युलेटरवरही उत्तर १.१४.

याच सूत्रातून आणखी एक चूक उलगडते. कधी कधी ८० आणि २० अंशांच्या गणितात कुणीतरी अंतिम तापमान ४८.६ अंश लिहितं. तो आकडा केल्विनमधल्या दोन तापमानांचा गुणोत्तर मध्य असतो. दोन्ही पाण्यांच्या मधे एखादं आदर्श इंजिन लावून, त्यातून जेवढं निघेल तेवढं काम काढून घेत त्यांना समान तापमानावर आणलं, तर ते तिथेच थांबतील आणि एन्ट्रॉपीची बेरीज बरोबर शून्य होईल. काम निघालेलं असेल सुमारे ११.७ किलोजूल. नुसतं ओतून मिसळलं तर हे काम कुणालाच मिळत नाही. तेवढा उष्मा पाण्यातच राहतो आणि त्याला ४८.६ वरून ५० वर नेतो. म्हणून ४८.६ दिसलं तर गणितातला शब्द पुन्हा वाचा. “मिसळलं” असेल तर ५०, “मधे रिव्हर्सिबल इंजिन चालवलं” असेल तरच ४८.६.

पहिलं गणित संगणकावर पडताळायचं असेल तर एवढं पुरे:

```python
from math import log
c, L = 4.18, 334
Tc, Th = 273.15, 323.15
Tf = (300*c*Th + 100*c*Tc - 100*L) / (400*c)
S = 100*L/Tc + 100*c*log(Tf/Tc) + 300*c*log(Tf/Th)
print(round(Tf, 2), round(S, 2))
```

उत्तर `290.67 15.45` येतं. आकडे बदलून चालवताना `Tf` ची किंमत `273.15` पेक्षा कमी आली तर पुढचा `S` वाचूच नका. बर्फ पूर्ण वितळलेला नाही, आणि हा कोड ते स्वतः ओळखत नाही.